प्रोस्टेटची कॅप्सूल, ताठरतेची गोळी आणि मधले तास

साठीनंतरच्या पुरुषांत दोन तक्रारी बहुधा जोडीनेच येतात. एक लघवीची. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं. दुसरी लैंगिक. लिंगाला पुरेसा ताठरपणा येत नाही, आला तर टिकत नाही. पहिली तक्रार माणूस बायकोला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन सांगतो, सोनोग्राफी करून घेतो, फाइल सांभाळून ठेवतो. दुसरी तो फार तर सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राला सांगतो, आणि मित्र गोळीचं नाव सांगतो. ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे. तरी मेडिकलवाला ती कागदाच्या पुडीत बांधून, नजर न मिळवता देतो. अशा रीतीने दोन औषधं एकाच पोटात जातात, पण एकाच चिठ्ठीवर कधी येत नाहीत.

या दोन औषधांची एकमेकांशी गाठ पडली की काही जणांचा रक्तदाब उभं राहताक्षणी कोसळतो. भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित माणूस बेशुद्ध होऊन पडतो. म्हणून ही दोन्ही औषधं एकत्र घ्यायचीच नाहीत का? तसं नाही. लघवीरोगतज्ज्ञ ती एकाच रुग्णाला देतात, फक्त काही अटींवर. त्या अटींत घड्याळाला मोठं महत्त्व आहे. मात्र ‘चार तासांचं अंतर ठेवा म्हणजे झालं’ इतकं ते सोपं नाही, आणि एका गोळीच्या बाबतीत तर अंतर जवळजवळ निरुपयोगी आहे.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. आडवा पडलेला माणूस उठून उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त काही क्षणांत पोटात आणि पायांत उतरतं. मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये दाब ओळखणारी केंद्रं असतात. दाब उतरतोय हे कळताच ती मज्जासंस्थेला खबर देतात. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या ‘अल्फा’ ग्राहकांना जाऊन चिकटतं आणि वाहिन्या आवळल्या जातात. नाडीही थोडी वाढते. थोड्याच वेळात सगळं पूर्ववत होतं आणि आपल्याला काही झाल्याचा पत्ताही लागत नाही.

नेमके असेच अल्फा ग्राहक प्रोस्टेट ग्रंथीच्या आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळच्या स्नायूंतही असतात. वय वाढलं की प्रोस्टेट फुगते आणि तिच्या मधून जाणारी मूत्रनलिका दाबली जाते. त्यात हे स्नायू आवळलेले राहिले की वाट आणखी अरुंद होते. अल्फा ब्लॉकर औषध त्या ग्राहकांवर जाऊन बसतं, नॉरॲड्रेनलिनला जागा मिळत नाही, स्नायू सैल पडतात आणि लघवी मोकळी होते. ग्रंथीचा आकार याने कमी होत नाही. अडचण एवढीच की गोळीला शरीरातला पत्ता तंतोतंत वाचता येत नाही. ती रक्तवाहिन्यांतल्या ग्राहकांवरही थोडीफार जाऊन बसते, आणि उभं राहताना वाहिन्या आवळण्याची शरीराची सोय तेवढी लुळी पडते.

ही सोय किती लुळी पडेल, ते औषधागणिक बदलतं. प्राझोसिन, टेराझोसिन आणि डॉक्साझोसिन ही जुनी औषधं मुळात बीपीची. ती प्रोस्टेट आणि रक्तवाहिनी यांत भेद करत नाहीत. टॅमसुलोसिन आणि सिलोडोसिन ही नंतरची औषधं प्रोस्टेटमधल्या ग्राहकांना जास्त पसंती देतात. अल्फुझोसिन तितकं निवडक नाही, पण त्याची हळूहळू विरघळणारी गोळी रक्तदाबाच्या बाबतीत बरीच सौम्य वागते. आपल्याकडे सध्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम किंवा सिलोडोसिन 8 मिलिग्रॅम असतं. कॅप्सूलच्या नावापुढे ‘डी’ अक्षर असेल तर बहुधा त्यात ड्युटास्टेराइडही असतं, ग्रंथी आकसवणारं. प्राझोसिन मात्र अजूनही बीपीसाठी दिलं जातं, विशेषतः किडनीच्या रुग्णांना. त्यामुळे ‘मला प्रोस्टेट नाही, मग मला काय धोका’ असं म्हणणाऱ्याने आपली बीपीची पट्टी एकदा वाचून पाहावी.

आता दुसरी गोळी. लैंगिक उत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यातून पुढे सायक्लिक जीएमपी नावाचं द्रव्य तयार होतं, ते तिथल्या स्नायूंना सैल करतं आणि रक्त भरतं. हे द्रव्य मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, व्हार्डेनाफिल या गोळ्या त्या विकराला अडवतात, म्हणून ताठरपणा टिकतो. पण ते विकर इतर रक्तवाहिन्यांतही असतं, तेव्हा त्याही थोड्या सैलावतात. निरोगी माणसाने 100 मिलिग्रॅम सिल्डेनाफिल घेतलं तर आडवं असतानाचा वरचा दाब सरासरी आठेक अंकांनी उतरतो. एवढी घट कुणाला जाणवतही नाही, कारण शरीर वाहिन्या आवळून ती भरून काढतं.

आणि इथेच मेख आहे. भरपाईची ती वाट अल्फा ग्राहकांवरूनच जाते. एका गोळीने वाहिन्या सैल केल्या आणि दुसरीने त्या पुन्हा आवळण्याची सोय काढून घेतली, असा हा प्रकार होतो. आठ आणि आठ मिळून सोळा, असा सरळ हिशेब इथे धरता येत नाही. एखाद्याला काहीच होत नाही आणि त्याच्याच वयाच्या दुसऱ्याचा दाब उभं राहिल्यावर चाळीस अंकांनी पडतो.

सिल्डेनाफिल 1998 साली अमेरिकेत बाजारात आलं, व्हार्डेनाफिल आणि टॅडालाफिल 2003 साली. अल्फा ब्लॉकर घेणाऱ्या पुरुषांवर त्यांच्या चाचण्या झाल्या तेव्हा डॉक्साझोसिनसोबत दाब जास्त पडताना दिसला. 8 मिलिग्रॅम डॉक्साझोसिनवर असलेल्यांना 20 मिलिग्रॅम टॅडालाफिल दिलं तेव्हा उभं असतानाचा वरचा दाब सरासरी आणखी दहाएक अंकांनी उतरला. टॅमसुलोसिनसोबत हा फरक किरकोळ होता. सुरुवातीला नियम कडक होते. व्हार्डेनाफिलला कुठलाच अल्फा ब्लॉकर चालत नसे, टॅडालाफिलला फक्त 0.4 मिलिग्रॅम टॅमसुलोसिन चाले, आणि 25 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सिल्डेनाफिल अल्फा ब्लॉकरच्या चार तासांच्या आत घ्यायचं नाही असं माहितीपत्रकात छापलेलं असे. अनुभव वाढला तशी सरसकट बंदी गेली आणि तिच्या जागी अटी आल्या: आधीचं औषध अंगवळणी पडलेलं असावं, आणि नवं औषध सर्वांत लहान डोसापासून सुरू करावं. तो चार तासांचा आकडा मात्र डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या तोंडात राहून गेला.

या अटी व्यवहारात कशा उतरतात ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला एकेक तुकडा ओपीडीत नेहमी दिसणारा आहे.

वसंतराव, वय 66, सांगलीचे निवृत्त शिक्षक. दीड वर्षापासून टॅमसुलोसिन 0.4, रात्री साडेनऊला जेवणानंतर. सकाळी बीपीसाठी टेल्मिसार्टन 40. बारा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन. मुलगा-सून पुण्याला. एका शनिवारी मित्राने दिलेली 100 मिलिग्रॅम सिल्डेनाफिलची गोळी त्यांनी रात्री साडेदहाला घेतली. त्याआधी मित्राकडे व्हिस्कीचे दोन पेग झाले होते. बाराच्या सुमारास लघवीला जाग आली, म्हणून उठून अंधारातच बाथरूममध्ये गेले. उभ्याने लघवी करत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते बेसिनवर आपटले. भुवईवर तीन टाके पडले. डॉक्टरांना त्यांनी ‘पाय घसरला’ एवढंच सांगितलं.

त्या दीड तासात किती गोष्टी एकत्र आल्या ते पाहा. सिल्डेनाफिल पोटात गेल्यावर साधारण तासाभरात रक्तात सर्वांत जास्त असतं आणि जड जेवणावर घेतलं तर आणखी तासभर उशिरा. म्हणजे साडेअकरा ते साडेबारा हा त्याचा भरतीचा काळ. टॅमसुलोसिनची कॅप्सूल हळूहळू औषध सोडते आणि जेवणानंतर घेतल्यास सहा-सात तासांनी तिचा कळस येतो. तेव्हा बारा वाजता ती चढणीवर होती आणि आदल्या दिवशीच्या डोसाचाही काही अंश शिल्लक होता. दारूने वाहिन्या आणखी सैल केल्या आणि शरीरातलं पाणीही घटवलं. बारा वर्षांच्या मधुमेहाने उभं राहताना वाहिन्या आवळणारे मज्जातंतू आधीच मंदावलेले असू शकतात. याच मंदपणामुळे ताठरपणाही कमी होतो, म्हणजे गोळी शोधणारा माणूस आणि भोवळ येण्याचा धोका असलेला माणूस बहुधा एकच असतो. वयही पासष्टच्या पुढचं, त्या वयात सिल्डेनाफिल शरीरातून बाहेर पडायला जास्त वेळ घेतं. शेवटी लघवी. भरलेलं मूत्राशय रिकामं होताना काही जणांची नाडी मंदावते आणि दाब उतरतो. हे कुठल्याही औषधाशिवायही घडतं. प्रोस्टेटचा रुग्ण रात्री लघवीला उठणारच. त्यामुळे या औषधांच्या जोडीची परीक्षा बहुधा मध्यरात्री, गरम पांघरुणातून उठल्या उठल्या, बाथरूममध्येच होते.

टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला बाहेर बसवून विचारलं, “काका, त्या रात्री आणखी कुठली गोळी घेतली होती का? लाजू नका. रोज दोघं-तिघं सांगतात.” वसंतरावांनी थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि सांगितलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो प्रोस्टेटचा नव्हता, हृदयाचा होता: छातीत दुखतं का, जिना चढताना दम लागतो का, सॉर्बिट्रेट किंवा निकोरॅंडिल असलेली कुठली गोळी चालू आहे का? नायट्रेट घेणाऱ्याला ताठरतेची गोळी कुठल्याही डोसात आणि कितीही अंतर ठेवून चालत नाही. अल्फा ब्लॉकरचं तसं नाही, तिथे वाट निघते. वसंतरावांना हृदयाचा त्रास नव्हता, ईसीजी ठीक होता, दोन मजले ते न थांबता चढत होते. संभोगाचा श्रम साधारण तेवढाच असतो.

मग दाब मोजला, पण बसवून नाही. बसवून मोजलेल्या दाबात हा दोष दिसत नाही. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजला, तो 136/82 निघाला. उभं करून एका मिनिटाने 122/78, तीन मिनिटांनी 124/78. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब वीस किंवा खालचा दहा अंकांनी उतरला तर तो आजार धरतात. वसंतरावांचा वरचा चौदाने उतरला होता. म्हणजे नुसत्या टॅमसुलोसिनवर ते काठावर, पण अलीकडे होते. वीसच्या वर फरक निघाला असता तर नवी गोळी सुरूच केली नसती. आधी बीपीचं औषध, पाण्याचं प्रमाण आणि अल्फा ब्लॉकर यांचा फेरविचार झाला असता. ही आडवं-उभं मोजणी कुठल्याही दवाखान्यात दहा मिनिटांत होते, पण गर्दीच्या ओपीडीत ती क्वचित होते. रुग्णाने स्वतःहून मागावी अशी ही तपासणी आहे.

पुढची पायरी कॅप्सूलची वेळ बदलण्याची. सहज सुचतं ते असं की रात्रीची कॅप्सूल दुपारच्या जेवणानंतर घ्यावी. हिशेब करून पाहा: दुपारी दीडला घेतली तर कळस सात-आठ तासांनी नव्हे तरी सहा-सात तासांनी, म्हणजे रात्री साडेसात ते साडेआठला येतो, आणि दहा वाजता घेतलेली दुसरी गोळी त्याच्या पाठोपाठ येते. कागदावर साडेआठ तासांचं अंतर, प्रत्यक्षात दोन्ही कळस शेजारी-शेजारी. म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल सकाळी साडेआठला, नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने ठेवली. तिचा कळस दुपारी तीनच्या आसपास येऊन रात्री दहाला ती उतरणीवर असते. नाश्ता म्हणजे पोहे, उपमा किंवा भाकरी. नुसता चहा-बिस्किट नाही. रिकाम्या पोटी टॅमसुलोसिन घेतलं तर ते लवकर आणि जास्त प्रमाणात रक्तात येतं, आणि ज्या भोवळीतून सुटायचं तीच सकाळी गाठते. हा बदल करताना रात्री एक आणि लगेच सकाळी एक अशा दोन कॅप्सूल जवळजवळ येऊ नयेत म्हणून रविवारी रात्रीची शेवटची, सोमवार रात्र मोकळी आणि मंगळवारी सकाळी पहिली, असं ठरलं.

यानंतर दोन आठवडे काहीच नवं द्यायचं नाही. ‘औषध अंगवळणी पडणं’ म्हणजे हेच: तोच डोस, तीच वेळ, आणि उभं राहताना डोकं हलकं वाटत नाही. जुन्या अल्फा ब्लॉकरच्या पहिल्या एक-दोन डोसांनंतर माणसं कोसळण्याचा धोका चांगलाच माहीत आहे, म्हणून तर टेराझोसिन 1 मिलिग्रॅमपासून आणि झोपताना सुरू करतात. शरीर त्या औषधाशी जुळवून घेईपर्यंत दुसरं ओझं टाकायचं नसतं. कॅप्सूल आठवडाभर बंद राहिली आणि पुन्हा सुरू केली तर हा जुळवणीचा काळ नव्याने मोजायचा. ‘आज ती गोळी घ्यायची आहे म्हणून आज प्रोस्टेटची कॅप्सूल टाळतो’ हा अनेकांचा घरगुती उपाय त्यामुळेच चुकीचा आहे. एका दिवसाने रक्तातून टॅमसुलोसिन पूर्ण जात नाही, आणि वारंवार टाळल्याने लघवी तुंबण्याचा धोका वाढतो.

दोन आठवड्यांनी उभ्याचा दाब पुन्हा पाहून सिल्डेनाफिल दिलं, पण 25 मिलिग्रॅम. मित्राच्या गोळीच्या एक चतुर्थांश. रात्रीचं हलकं जेवण आठला, गोळी दहाला, दारू नाही. पहिल्या वेळी घरात कुणीतरी जागं असावं आणि त्याला गोळी घेतल्याचं ठाऊक असावं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी बाहेर बसलेल्या काकूंना आत बोलावलं. गोळीनंतर चार-सहा तास पलंगावरून उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उभं राहायचं. लघवी बसून करायची. बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा. भारतीय पद्धतीच्या संडासातून उकिडव्याने झटक्यात उठायचं नाही, आणि रात्री कढत पाण्याने अंघोळ नाही. चार वेगवेगळ्या रात्री घेऊनही उपयोग झाला नाही आणि भोवळही नाही, तर 50 पर्यंत जायचं. वसंतरावांना 50 वर उपयोग झाला, पुढे जावं लागलं नाही. 100 ची गरज या जोडीत क्वचित पडते, आणि ती स्वतःच्या मनाने गाठायची पायरी नव्हे.

सिल्डेनाफिलची रक्तातली मात्रा दर चार तासांनी साधारण निम्मी होते. म्हणूनच त्याच्या बाबतीत घड्याळ कामाला येतं: कळस एकमेकांपासून दूर ठेवता येतात. टॅडालाफिलचं गणित निराळं आहे. त्याची मात्रा निम्मी व्हायलाच साडेसतरा तास लागतात. शनिवारी रात्री घेतलेली गोळी रविवारी दिवसभर अंगात असते. तिच्यापासून चार तास काय आणि आठ तास काय, अंतराला फारसा अर्थ उरत नाही. तिथे भिस्त लहान डोसावर आणि योग्य जोडीदारावर: डॉक्साझोसिन किंवा टेराझोसिन असेल तर आधी ते बदलून टॅमसुलोसिनसारखं निवडक औषध, आणि मग टॅडालाफिल सर्वांत लहान डोसापासून. डॉक्साझोसिन-टॅडालाफिल ही जोडी बहुतेक तज्ज्ञ टाळतातच, आणि माझ्या मते सामान्य वाचकाने ती ‘नाही’ म्हणूनच लक्षात ठेवावी.

टॅडालाफिलची आणखी एक बाजू आहे, ती फार कमी रुग्णांना सांगितली जाते. रोज 5 मिलिग्रॅम टॅडालाफिल हे स्वतःच प्रोस्टेटच्या लघवीच्या त्रासावरचं औषध आहे. अमेरिकेत त्याला त्यासाठी 2011 साली मान्यता मिळाली. ज्याला दोन्ही तक्रारी आहेत आणि लघवीचा त्रास मध्यम आहे, त्याला काही डॉक्टर अल्फा ब्लॉकर थांबवून ही एकच गोळी देतात. दोन औषधांची टक्करच उरत नाही. कॅप्सूल थांबवल्यावर किमान एक दिवस मोकळा ठेवून ती सुरू करतात. किडनी फार कमजोर असेल तर ती रोज देत नाहीत. लघवी जास्त अडत असेल तर एकट्या टॅडालाफिलने भागत नाही. पण ‘मला दोन्हीऐवजी एक चालेल का’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा नक्की आहे.

आणि त्याहूनही आधी विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. सिलोडोसिन घेणाऱ्यांत वीर्य बाहेर न येणं फार सर्रास आढळतं. अमेरिकेतल्या चाचण्यांत शंभरातल्या अठ्ठावीस जणांनी ते सांगितलं. संभोगसुख होतं, पण बाहेर काहीच येत नाही. टॅमसुलोसिननेही हे काहींना होतं. माणूस घाबरतो, ‘आपली ताकद संपली’ समजतो आणि मेडिकलमध्ये जाऊन ताठरतेची गोळी मागतो. वास्तविक त्याच्या ताठरपणाला काही झालेलं नसतं आणि त्या गोळीने वीर्यही परत येणार नसतं. तो विनाकारण भोवळीचा धोका विकत घेतो. ‘डी’च्या कॅप्सूलमधलं ड्युटास्टेराइड मात्र काही पुरुषांची कामेच्छा आणि ताठरपणा खरोखर कमी करू शकतं. दोन्ही प्रसंगी दुसरी गोळी भरण्याआधी पहिली बदलता येते का ते पाहणं शहाणपणाचं.

अंतर, डोस, सगळं नीट जमलेलं असतानाही घडी विस्कटते ती बहुधा तिसऱ्या औषधाने. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, टॅमसुलोसिन आणि सिलोडोसिन या साऱ्यांच्या निचऱ्यात यकृतातल्या एकाच विकराचा हात असतो. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नायट्यासाठी इट्राकोनॅझोल सुरू झालं की ते विकर अडतं आणि तीच जुनी 25 ची गोळी दुप्पट-तिप्पट भारी पडू शकते. गजकर्ण-नायट्यासाठी इट्राकोनॅझोल आपल्याकडे आठवडेच्या आठवडे चालतं, तेव्हा हे दूरचं उदाहरण नव्हे. त्या काळात ताठरतेची गोळी बंद ठेवणं बरं. सिलोडोसिन तर इट्राकोनॅझोलसोबत देतच नाहीत. जुलाब, उपास, एप्रिल-मे मधला विदर्भातला उन्हाळा, पायांच्या सुजेसाठीची लघवी वाढवणारी गोळी, यांनी शरीरातलं पाणी घटतं आणि जोडी तीच असूनही भोवळ येते. ‘वैद्यांची जडीबुटीची ताकदीची कॅप्सूल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालात सिल्डेनाफिलच मिसळलेलं असल्याचं निरनिराळ्या देशांच्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळलं आहे. ‘मी तर आयुर्वेदिक घेतलं’ हे उत्तर म्हणून डॉक्टरांना पुरेसं वाटत नाही.

भोवळ दाबाची की दुसऱ्या कशाची, हे घरी बरंचसं ओळखता येतं. उभं राहिल्यावर काही सेकंदांत ते दोन-तीन मिनिटांत डोकं हलकं होणं, अंधारी येणं, मान-खांदे दुखल्यासारखं वाटणं आणि आडवं होताच बरं वाटणं, ही दाब उतरल्याची खूण. खोली गरगर फिरते आणि ते कूस बदलतानाही होतं, तर कानाचा दोष असू शकतो. घाम, थरथर आणि भूक असेल तर मधुमेहींनी साखर तपासावी. पडल्यापडल्याही छातीत धडधड होऊन शुद्ध हरपत असेल तर ते हृदयाचं असू शकतं. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, नाक चोंदणं आणि सारं थोडं निळसर दिसणं हे ताठरतेच्या गोळीचे नेहमीचे परिणाम. नुसते तेवढेच असतील तर दाब कोसळला असं नाही.

अंधारी आली की भिंत धरून पलंगापर्यंत जाण्याची धडपड करू नये. जिथे आहात तिथेच खाली बसा, शक्य तर जमिनीवर आडवे व्हा आणि कुणाला तरी पाय उशीवर उंच करायला सांगा. बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. लगेच पुन्हा उभं राहू नका. घरात बीपीचं मशीन असेल तर आडवं असतानाच मोजा. शुद्ध गेली, डोक्याला मार लागला, छातीत दुखलं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडलात, तर 108 ला फोन करा.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतते, आणि ती प्रेमापोटी केली जाते. मध्यरात्री माणूस घामाघूम होऊन कोसळलेला पाहून घरचे किंवा शेजारी हार्ट अटॅक समजतात आणि त्याच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. आधीच कोसळलेला दाब त्याने आणखी खाली जातो आणि तो वर आणणं दवाखान्यातही अवघड होतं. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान 24 तास आणि टॅडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट देत नाहीत. खरोखर छातीत दुखत असेल तर डॉक्टर दुसरी औषधं वापरतात. पण त्यांना ठाऊक असेल तरच. म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये, कॅज्युअल्टीत, कुठेही पहिलं वाक्य हेच असावं: अमुक गोळी, अमुक मिलिग्रॅम, इतक्या वाजता घेतली. हे सांगायची पाळी बायकोवर किंवा मुलावर येऊ शकते, तेव्हा गोळी कपाटात लपवून ठेवण्यात शहाणपण नाही. प्रोस्टेटची फाइल घेऊन पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा ती पट्टीही सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्यांना त्यात नवीन काही नाही.